पहिल्या नंबराचा मान

यशोधरा,

तुझ्यावर लिहितेय हे तुला आधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर "बाई, माझ्यावर काय लिहायचंय, त्यापेक्षा तुमच्या गुडघ्याचं बघा" म्हणाली असतीस आणि विषय संपवला असतास. म्हणून लिहून झाल्यावरच देतेय. तुझं कौतुक मी तुझ्या तोंडावर कधी केलं नाही. बत्तीस वर्षं वर्गात उभी राहिले. कौतुक केलं की पोरं बिघडतात असं तेव्हा वाटायचं, आता सवयच गेली. पण 'तू अशी, तू तशी' लिहीत बसले तर माझं भाषण होईल आणि तू ते अर्ध्यात टाकून उठशील. त्यापेक्षा सरळ गोष्टच सांगते. तू 'ती' हो, मी 'बाई' होते. चुकलं कुठं तर समासात लिहून पाठव, कॉलेजात करायचीस तसं.

तर गोष्ट तिसगावची. यशोधरा तिथली, भागिरथीबाईही तिथल्याच. बाईंनी पाथर्डीच्या कॉलेजात अर्थशास्त्र शिकवलं आणि निवृत्त होऊन गावी आल्या. यशोधरा अकरावी-बारावीला त्यांच्या हाताखाली होती, मग तिनं दुग्धव्यवसायाची पदविका केली. गेली बारा वर्षं ती एका डेअरीच्या प्रयोगशाळेत दुधाची तपासणी करत होती. टँकर येणार, ही नमुने काढणार, फॅट बघणार, भेसळ बघणार, पास-नापास लिहिणार. काम चोख. इतकं चोख की तिला तिथून कुणी वरही न्यायला तयार नव्हतं आणि हलूही देत नव्हतं. दोनदा सुपरवायझरची जागा निघाली, दोन्ही वेळा साहेब म्हणाले, "यशोधराताई, तुमचं काम उत्तमच. पण त्या जागेवर जरा टीममध्ये मिसळून जाणारं माणूस पाहिजे." ती बारा वर्षं त्याच टीममध्ये डबा खात होती. मिसळायचं म्हणजे नेमकं काय राहिलं होतं, ते साहेबांनी सांगितलं नाही आणि तिनं विचारलं नाही. आडनाव ऐकल्यावर माणसं कुठं थांबतात ते तिला घरापासून माहीत होतं.

मग तिनं नगरच्या एमआयडीसीतल्या एका कंपनीत अर्ज टाकला. कागदावर आता अहिल्यानगर आहे, पण एसटीचा कंडक्टर नगरच ओरडतो, म्हणून नगरच म्हणू. कंपनीचं नाव नेमधार. दूध संकलन केंद्रावर फॅट मोजायचं यंत्र असतं ना, पेल्यात नळी बुडवली की मिनिटभरात आकडे दाखवून चिठ्ठी छापणारं, ते हे लोक बनवतात. त्यांना केंद्रचालकांना शिकवणाऱ्या विभागासाठी प्रमुख हवा होता. पहिली फेरी फोनवर झाली, दुसरी तांत्रिक, तिसरी विक्रीच्या साहेबांबरोबर. तिन्ही पार पडल्या. मग सायलीचा फोन आला. सायली तिथली भरतीचं बघणारी मुलगी, गोड बोलते.

"मॅम, काँग्रॅट्स! आता फायनल राउंड. फाउंडर सरांसोबत. टेक्निकल काही नाही हां, फक्त व्हिजन, व्हॅल्यूज आणि फिट. पाऊण तास धरा. पुढच्या मंगळवारी अकरा वाजता."

यशोधरा फोन ठेवून थेट बाईंच्या घरी आली.

"बाई, फिट म्हणजे काय हो?"

"म्हणजे तू त्यांच्यात बसतेस की नाही ते."

"तेच म्हटलं," ती म्हणाली, आणि पायरीवर बसली. तांत्रिक फेरीच्या आदल्या दिवशी ही पोरगी घोड्यासारखी फुरफुरत होती. आज चेहरा उतरलेला. दुधाचे प्रश्न विचारा, झोपेतून उठून सांगेल. पण 'तुम्ही आमच्यात बसता का' या प्रश्नाचं उत्तर तिनं आजवर कधी दिलंच नव्हतं. समोरच्यानंच दिलं होतं, तिच्या वतीनं. चौतीस वर्षांची झाली होती. ही जागा गेली तर पुढची बारा वर्षं त्याच प्रयोगशाळेत, हे तिला पक्कं माहीत होतं.

बाईंना मात्र उत्साह चढला. त्यांनी वही काढायला लावली. कंपनीच्या संकेतस्थळावर तीन शब्द होते, नेमकेपणा, विश्वास, आपुलकी. आणि खाली एक वाक्य: 'थेंबाथेंबाचा खरा हिशेब, प्रत्येक शेतकऱ्यासाठी.' बाईंनी ते सगळं पाठ करायला लावलं. पाच वर्षांनी कंपनी कुठं असेल, तुमची मूल्यं कोणती, तुमची मोठी चूक कोणती, आधीची नोकरी का सोडता, असे वीस प्रश्न काढले आणि वीस उत्तरं लिहून दिली. बाई स्वतः खुर्चीत संस्थापक होऊन बसल्या, चष्मा नाकावर.

"आमच्या कंपनीत तुम्हाला काय खटकतं?"

यशोधरा म्हणाली, "अजून बघितलंच नाही, तर खटकणार काय?"

"चूक! म्हणायचं, खटकण्यासारखं काही नाही, उलट शिकण्यासारखं खूप आहे. हा सापळा असतो गं. ज्यानं पत्र्याच्या शेडपासून कंपनी उभी केली त्याच्या तोंडावर त्याच्या लेकराचं नाक नकटं म्हणायचं नसतं."

"नकटं असलं तरी?"

"असलं तरी. बारशाला जाऊन कुणी म्हणतं का?"

यशोधरा हसली नाही. वही मिटून म्हणाली, "बाई, ही उत्तरं तुमची आहेत. तुम्हालाच घेतील ते."

बाईंना राग आला. पण खरं बोलली होती. बाईंना अर्थशास्त्र येत होतं, मुलाखत नव्हे. आयुष्यात एकच दिली, तीही शहात्तर साली, तीन प्रश्नांची. "मग तुझं तू कर," त्या म्हणाल्या.

तिनं तिचं केलं. रजा टाकली आणि संकेतस्थळ सोडून नेमधारची यंत्रं जिथं चालतात तिथं जायचं ठरवलं. सुरुवात घरापासून. तिसगावच्या केंद्रावर तेच यंत्र होतं. ती सकाळी सहाला जाऊन कोपऱ्यात उभी राहिली. केंद्र गोरक्ष चालवतो, तिशीचा पोरगा, हात चलाख, जीभ त्याहून.

तेरा-चौदा जण किटल्या घेऊन आलेले. पण रांगेत पुढं कुणी होईना. कुणी मोबाईलवर बघतंय, कुणी किटलीचं झाकण उगाच पुसतंय. एवढ्यात रतनबाई आली. साठीची, एक गाय, सातला तिला कांदा काढायला कुणाच्या तरी रानात पोचायचं असतं. तिला पाहताच सगळे बाजूला झाले.

"या मावशी, व्हा म्होरं. थोरल्या तुमी. पैला मान तुमचा."

रतनबाईनं किटली ठेवली. गोरक्षनं पेल्यात दूध घेतलं, नळी बुडवली. यंत्र घुमलं, चिठ्ठी आली. फॅट तीन पॉइंट चार, एसएनएफ, म्हणजे फॅट सोडून दुधातला बाकीचा घनांश, सात पॉइंट नऊ, पाणी सहा टक्के.

"मावशी, आज बी नळाखाली बांदली व्हती व्हय गाय?" गोरक्ष म्हणाला, आणि रांग हसली.

"माज्या गाईलाच इचार, मेल्या," रतनबाई म्हणाली. "थेंब पानी घालत न्हाई म्या. बाबासायबाची आन." चिठ्ठी तिनं पदराच्या टोकाला बांधली आणि चालू लागली. आवाजात भांडण नव्हतं. रोजचंच होतं.

तिच्यामागचा माणूस आला. गोरक्षनं त्याचा पेला लावला. फॅट तीन आठ, पाणी शून्य. त्याच्या मागच्याचंही शून्य.

यशोधराच्या लक्षात आलं. बारा वर्षं प्रयोगशाळेत काढलेल्या माणसाला हे सांगावं लागत नाही. काम संपल्यावर यंत्राची नळी पाण्यानं धुतात, सकाळी सुरू करतानाही पाण्यानं ओली करतात. ते पाणी आत थोडं उरतं. पहिल्या पेल्यात ते मिसळतं आणि आकडा खाली येतो. म्हणून पहिला पेला फक्त नळी धुवायला वापरायचा, त्याचा आकडा धरायचाच नाही, त्याच दुधाचा दुसरा पेला लावायचा, तो खरा. प्रयोगशाळेत नवीन पोराला पहिल्या दिवशी हे शिकवतात. इथं रांग मोठी, टँकरची वेळ झालेली, आणि गोरक्षला कुणी सांगितलेलंच नाही. पण गावाला कळलेलं होतं! का ते नव्हतं कळलं, पण पहिल्या नंबराचं दूध पडतं एवढं सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणून तर मान द्यायची चढाओढ. आणि तो मान जायचा कुणाकडं, तर जिला थांबायला वेळ नाही तिच्याकडं.

"गोरक्ष, मावशीचं दूध परत लाव."

"ताई, रांग बगा की."

"लाव म्हणते."

रतनबाईचं दूध मोठ्या कॅनमध्ये गेलेलं होतं, पण पेल्यासाठी काढलेल्या मगात थोडं उरलं होतं. गोरक्षनं कुरकुरत लावलं. फॅट तीन सहा, एसएनएफ आठ चार. पाणी शून्य.

रांगेतलं हसू थांबलं. गोरक्ष चिठ्ठीकडं बघत राहिला. "आयला," तो म्हणाला. "म्हंजे ही म्हातारी चार वरीस..."

त्यानं वाक्य पुरं केलं नाही. बरं केलं.

यशोधरा मग आठवडाभर फिरली. पाच गावं, पाच केंद्रं. दोन ठिकाणी पहिला पेला टाकून देत होते, तीन ठिकाणी नव्हते. तिन्ही ठिकाणी तिनं पहिल्या नंबराचं दूध दोनदा लावलं, चिठ्ठ्या घेतल्या, शिवाय बाटलीत नमुना घेऊन आपल्या प्रयोगशाळेत जुन्या आम्लाच्या पद्धतीनं ताडून पाहिला. दुसरा आकडा तिन्ही वेळा जुळला. नेमधारची पुस्तिकाही मिळवली. पान नऊवर, इंग्रजीत, लहान अक्षरात सूचना होती. म्हणजे कंपनीनं लिहिलं होतं. वाचलं कुणी नव्हतं.

सोमवारी ती हे सगळं बाईंपुढं मांडून बसली. बाई म्हणाल्या, "छान. नोकरी लागल्यावर सांग."

"आणि नाही लागली तर?"

"तर निनावी पत्र टाक. पण मंगळवारी तोंड उघडू नकोस. यशे, दार उघडतंय, तू त्यातच पाय घालून मोडून घेऊ नकोस."

तिनं चिठ्ठ्या गोळा करून पर्समध्ये ठेवल्या. बाईंनी मग विषय बदलला. कुकरचं रबर सैल झालं होतं, शिट्टीच होत नव्हती. बाईंनी ते काढून तिच्या हातात दिलं. "नगरला कापडबाजाराच्या मागं तो दुकानदार आहे बघ, त्याच्याकडं मापाचं मिळतं. येताना घेऊन ये. विसरू नकोस, चार दिवस भात कच्चा खातेय." तिनं रबर पर्समध्ये टाकलं.

मंगळवारी अकराला ती नेमधारमध्ये पोचली. जालिंदरराव, संस्थापक. पंचावन्नच्या पुढचे, बेलापूरकडचे, बाह्या दुमडलेल्या, टेबलावर एक उघडलेलं यंत्र आणि स्क्रू ड्रायव्हर. मागं भिंतीवर ते तीन शब्द, पितळी अक्षरांत. त्यांनी बायोडाटा बाजूला सारला.

"हे सायलीनं वाचलंय. मी आपला गप्पा मारतो. दूधच का?"

या प्रश्नाला बाईंनी लिहून दिलेलं उत्तर होतं, 'दुग्धव्यवसाय हा ग्रामीण अर्थव्यवस्थेचा कणा आहे'. यशोधरानं ते गिळलं.

"माझी आजी, मनकर्णा, तिनं एक म्हैस ठेवली होती," ती म्हणाली. "म्हशीला काही झालेलं नव्हतं, पण गावातल्या हॉटेलात आमचं दूध चालायचं नाही. आजी तीन कोस चालून दुसऱ्या गावी नाव न सांगता घालायची. एकदा कुणीतरी ओळखलं, आणि किटली तिच्यासमोर गटारात ओतली. मी लहान असताना गावात पहिलं फॅटचं मशीन आलं तेव्हा आजी म्हणाली, 'ह्याला नाव सांगाया लागत न्हाई, दूध दावलं की झालं.' मला ते मशीन फार आवडलं. म्हणून दूध."

जालिंदररावांनी स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला. मग विचारलं, "आताची नोकरी का सोडता?"

तिथल्या साहेबांबद्दल सांगण्यासारखं तिच्याकडं पुष्कळ होतं. तिनं एवढंच सांगितलं, "तिथं मी दूध नापास करते. ते का नापास झालं हे ज्याचं त्याला जाऊन सांगायला मला कुणी पाठवत नाही. तुमच्याकडं तेच काम आहे."

मग मोठी चूक कोणती, वरिष्ठांशी पटलं नाही तेव्हा काय केलं, पहिल्या तीन महिन्यांत काय कराल, असे प्रश्न झाले. ती बरी बोलली. मोठी चूक म्हणून तिनं एकदा घाईत एका गवळ्याचा टँकर चुकीनं नापास केल्याचं आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या दारात जाऊन कबूल केल्याचं सांगितलं; गवळ्याचं नाव, गाव, त्याची बायको काय म्हणाली ते सगळं. घडलेलं सांगत होती, त्यामुळं अडखळली नाही. अर्धा तास झाला. सगळं सुरळीत. आणि मग ते म्हणालेच.

"आमच्यात तुम्हाला काय खटकलं?"

नकटं नाक. बाईंचा आवाज तिच्या कानात आला असणार. आता गप्प बसली तर जागा जवळजवळ तिची होती, हे तिलाही कळत होतं. तिनं भिंतीकडं पाहिलं. नेमकेपणा, विश्वास, आपुलकी.

"सर, तुमचं मशीन रांगेतला पहिला माणूस ओळखतं," ती म्हणाली.

आणि पर्स उघडून चिठ्ठ्या काढायला गेली, तर आधी बाहेर आलं कुकरचं रबर. टेबलावर पडलं, गोल फिरलं आणि जालिंदररावांच्या यंत्राला टेकून थांबलं. तिचा चेहरा लाल झाला. जालिंदररावांनी रबर उचलून बघितलं. "हे आमच्या मशीनमध्ये नसतं," ते म्हणाले.

"नाही सर. ते आमच्या बाईंचं. पाच लिटरचं."

ते पहिल्यांदा हसले. मग चिठ्ठ्या पाहू लागले तसं हसू गेलं.

"हे मॅन्युअलमध्ये दिलेलं आहे. पान अकरा."

"पान नऊ, सर. इंग्रजीत."

"म्हणजे चूक ऑपरेटरची."

"गोरक्ष दहावी नापास आहे. मशीन बसवायला तुमचा माणूस आला, बटणं दाखवली, सही घेतली, गेला. पहिला पेला टाकायचा हे त्यानं करून दाखवलं नाही. तिसगावात रतनबाईला चार वर्षं दुधात पाणी घालणारी म्हणून हसतात. तुमची छापील चिठ्ठी आहे तिच्यावर. माणसानं आरोप केला असता तर ती भांडली असती. मशीनशी कशी भांडणार?"

"तुम्ही पाच केंद्रं बघितलीत. आमची दोन हजार मशीनं बाहेर आहेत."

"म्हणूनच सांगतेय."

जालिंदरराव उठले, दार उघडून ओरडले, "टेस्टिंगमधलं एक मशीन आणा. आणि कँटीनमधून दूध. तापवलेलं नको!" यंत्र आलं, पातेलं आलं. त्यांनी स्वतः पाणी फिरवलं, स्वतः पेला लावला. चिठ्ठी आली. मग दुसरा पेला. दुसरी चिठ्ठी. दोन्ही शेजारी ठेवून बराच वेळ बघत उभे राहिले. ज्या माणसानं पंचवीस वर्षं हे यंत्र बनवलं, त्याला हे माहीत नव्हतं असं नाही. माहीत होतं, पण पान नऊवर होतं. आज टेबलावर आलं.

"काय कराल?" त्यांनी विचारलं. बसले नाहीत.

"दोन गोष्टी. एक, मशीन बसवणाऱ्यानं सही घ्यायची ती चालकानं त्याच्यासमोर तीनदा बरोबर करून दाखवल्यावर. आणि मशीनवरच मराठीत पट्टी, 'पहिला पेला धुण्याचा, दुसरा मोजण्याचा'. हे लगेच होतं. दुसरी तुमच्या इंजिनिअरांची. पाणी फिरवल्यावर पहिल्या पेल्याची चिठ्ठी मशीननं छापूच नये. माणूस घाईत असणारच. मशीननं घाई करू नये."

"तुम्हाला घेतलं नाही, तर?"

"पट्टी तिसगावला लावून आलेय, सर. हातानं लिहिलीय. गोरक्ष करतो आता."

जालिंदरराव खाली बसले. "तुमचा काही प्रश्न?"

बाईंनी यासाठीही एक गुळमुळीत प्रश्न दिला होता, कंपनीच्या विस्ताराचा. यशोधरानं विचारलं, "हे तीन शब्द आहेत ना सर, यातल्या एखाद्यापायी तुम्ही कधी मोठं गिऱ्हाईक सोडलंय का?"

"एक सोडलं," ते म्हणाले. "आणि एक सोडायला पाहिजे होतं, ते नाही सोडलं. त्याचं पुन्हा कधी बोलू." मग ते पुन्हा कारखान्यातल्या माणसांना बोलवत बसले, तिला त्यांच्यापुढं सगळं परत सांगायला लावलं. पाऊण तासाची भेट दुपारी तीनला संपली. कापडबाजार त्या दिवशी बंद होता की तिला एसटी गाठायची होती, यावर ती आजही दोन वेगळी उत्तरं देते. रबर आलं नाही.

नंतर आठ दिवस फोन नाही. बाईंनी तिला सोडलं नाही. "झालं समाधान? सांगितलं होतं ना?" यशोधरा शांतपणे म्हणाली, "बाई, गप्प बसून लागली असती तर तिथं तरी मी काय केलं असतं? आणखी कुणा रतनबाईची खोटी चिठ्ठी छापली असती." आणि सकाळच्या पाळीला निघून गेली. बाई वरवर फणकारल्या, पण त्या दिवशी त्यांना कळलं, की फिट हा शब्द या पोरीनं उलटा करून धरलाय. ती त्यांच्यात बसते का, हे तिनं त्यांच्यावर सोडलं होतं. ते तिच्यात बसतात का, हे ती बघायला गेली होती. एवढं साधं बाईंना पंच्याहत्तर वर्षांत सुचलं नव्हतं.

नवव्या दिवशी सकाळी गोरक्ष धावत आला. "ताई, एक मानूस आल्ता. बाह्या दुमडल्याला. सा वाजता येऊन रतनमावशीच्या मागं हुबा ऱ्हायला, किटली न्हाई न काय न्हाई. मावशी म्हनली, 'बाबा, तुजं दूद कुटंय?' तर म्हनतो, 'मी मशीन बगाया आलोय.' मग मावशीनं लई झापला वो त्याला!"

"काय म्हणाली?"

"म्हनली, 'ह्ये मशीन आन माजं नशीब, दोनी एकाच कारखान्यातनं आल्यात. आता एक पोरीनं दुरुस्त केलंया, दुसऱ्याचं बगा.' त्यो जाताना माजी पट्टी, म्हंजे तुमची, फोटो काढून घेऊन गेला."

सायलीचा फोन संध्याकाळी आला. "मॅम, सरांनी रोल थोडा बदललाय. तुम्ही विक्रीच्या साहेबांना नाही, थेट सरांना रिपोर्ट कराल. फिरती खूप आहे. सहा महिन्यांत सगळी केंद्रं व्हायला हवीत. चालेल?"

चाललं. एवढंच झालं, यापेक्षा मोठं काही नाही. दोन हजार यंत्रं एका झटक्यात सुधारली नाहीत, अकोले तालुक्यातल्या डोंगरात भंडारदऱ्यापुढं काही केंद्रं अजून राहिली आहेत, इंजिनिअर मंडळी अजून कटकट करतात. पण तिसगावात आता पहिल्या नंबरासाठी भांडण होतं. मान कुणी कुणाला देत नाही. आणि रतनबाई पहिली आली की गोरक्ष दोन पेले लावतो, आणि चिठ्ठी तिला वाचून दाखवतो, मोठ्यानं, सगळ्या रांगेला ऐकू जाईल असं. हे त्याला कुणी सांगितलेलं नाही.

ही माझी गोष्ट, यशोधरा. मी तुला वीस उत्तरं लिहून दिली आणि तू त्यातलं एकही वापरलं नाहीस, याचा मला अभिमान आहे. आता हेही पुन्हा म्हणणार नाही.

फक्त एक. ते रबर तुझ्या पर्समध्ये आहे, मला माहीत आहे. ते तुझ्याबरोबर संगमनेरला जाऊन आलं, अकोल्याला जाऊन आलं, परवा म्हणे सोलापूरपर्यंत गेलं होतं. दर वेळी फोनवर म्हणतेस, "बाई, परतताना नगरला उतरते." तू कधी उतरत नाहीस. पुढच्या केंद्रावर पोचायचं असतं. मी पातेल्यातच भात करते, वर ताटली ठेवून. अजून कच्चाच राहतो.